अर्जात तारीख कोणती लिहू?

प्रश्न : भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. माणसं साधारण ऐंशी. यंदा 2 फेब्रुवारीला नोकरीला लागले. मला दिवस गेले आहेत, पहिलंच बाळंतपण. शेवटच्या पाळीची तारीख 7 मार्च. डॉक्टरांनी कागदावर 14 डिसेंबर 2026 लिहून दिली आहे, मोबाइलमधलं ॲप मात्र 12 डिसेंबर दाखवतं. एचआरचे साहेब म्हणाले, ‘लेखी अर्ज द्या. तारखा, काम कोण बघणार आणि परत येणार की नाही, सगळं लिहा.’ शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, वर्ष पूर्ण झाल्याशिवाय भरपगारी रजा मिळतच नाही. आईचा आग्रह, सातवा लागला की इस्लामपूरला ये. माझा विचार दिवाळीपर्यंत काम करायचा आहे. अर्जात नेमकी तारीख कोणती लिहू? आणि ‘परत येईन’ असं लिहून दिलं आणि पुढे जमलं नाही, तर मी अडकेन का? मिस्टरांना काही रजा मिळते का, तेही सांगा.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमच्या मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण तिचं म्हणणं मी कामगार विभागात नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत ऐकत आले आणि ते तेव्हाही चूकच होतं. कायद्यात वर्षाची अट नाही. अट आहे 80 दिवसांची. बाळंतपणाची जी अपेक्षित तारीख आहे, तिच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान 80 दिवस काम झालेलं हवं. भरपगारी सुट्ट्याही त्यात धरतात. तुम्ही 2 फेब्रुवारीला लागलात. सहा दिवसांचा आठवडा धरला तर फेब्रुवारीचे 24, मार्चचे 26 आणि एप्रिलचे 26 मिळून 76 झाले. म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच तुमचे 80 भरले. तुम्ही प्रोबेशनवर आहात की कायम झालात, याचा इथे संबंध येत नाही. डिसेंबरात तुमचं वर्ष पुरं होणार नाही म्हणून कुणी अर्ज परत केला, तर हे गणित कागदावर मांडून दाखवा. वाद घालायची गरज पडणार नाही.

हा कायदा मुळात 1961 चा. 2017 च्या दुरुस्तीने त्यातली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण 80 दिवस आणि 26 आठवडे हे आकडे तसेच राहिले. तुमच्या एचआरच्या जुन्या फॉर्मवर अजून 1961 सालचं नाव छापलेलं दिसलं तर बिचकू नका. हे 26 आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत. दोन हयात मुलं असताना पुढचं बाळंतपण असेल तर रजा बारा आठवड्यांचीच.

आता तारखा. डॉक्टर आणि ॲप दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांची मोजण्याची रीत वेगळी. डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवतात आणि तीन महिने मागे जातात. 7 मार्चचे झाले 14, महिना आला डिसेंबर. ॲप सरळ 280 दिवस मोजतं. मधले महिने कधी तीसचे, कधी एकतीसचे, म्हणून ते 12 तारखेवर येऊन थांबतं. अर्जात लिहायची ती डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या दाखल्यावरची, म्हणजे 14 डिसेंबर. अर्जात एक आणि जोडलेल्या दाखल्यात दुसरी, असं मात्र होऊ देऊ नका. अर्ज महिनाभर अडकून पडायला दोन दिवसांचा फरक पुरतो. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत फार तफावत निघाली म्हणून डॉक्टरांनी तारीख बदलली, तर नवा दाखला जोडा.

आणि ही तारीख फार मनावर घेऊ नका. बरोबर दिलेल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. गंमत अशी की तुमच्या रजेचा हिशेबही या तारखेवर फारसा टेकलेला नाही. तो टेकलेला आहे तुम्ही कामावर यायचं थांबवता त्या तारखेवर. तुमच्या अर्जात खरी महत्त्वाची तारीख तीच, आणि नेमकी तीच लोक ‘डिसेंबरच्या सुमारास’ अशी मोघम लिहितात.

रजा 26 आठवड्यांची. बाळंतपणाआधी त्यातले जास्तीत जास्त आठ घेता येतात. तुमच्या बाबतीत 14 डिसेंबरच्या आठ आठवडे आधी म्हणजे सोमवार, 19 ऑक्टोबर. आईचं ऐकून सातव्या महिन्यात, सप्टेंबरात, इस्लामपूरला गेलात तर 19 ऑक्टोबरपर्यंतचे दिवस या रजेत बसणार नाहीत. ते तुमच्या साठलेल्या रजेतून किंवा बिनपगारी जातील. सातव्यात डोहाळजेवणाला चार दिवस जाऊन या.

19 ऑक्टोबरलाच रजा सुरू केली, तर 26 आठवडे 18 एप्रिलला संपतात आणि तुम्ही सोमवार, 19 एप्रिल 2027 ला हजर होता. बाळ दिलेल्या तारखेलाच झालं असेल, तर तेव्हा ते साडेचार महिन्यांचंही झालेलं नसेल. याउलट यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. दिवाळी उरकून, पुढचे चार दिवस काम करून सोमवार, 16 नोव्हेंबरपासून रजा घेतलीत, तर शेवटचा दिवस रविवार, 16 मे आणि हजर व्हायचं सोमवार, 17 मे 2027 ला. आधी केलेला प्रत्येक आठवडा नंतर बाळाजवळ मिळतो, व्यवहार एवढा सरळ आहे. तब्येत साथ देत असेल तर तुमचा दिवाळीचा विचार मला पटतो. पण रोज भोसरीपर्यंत येण्याजाण्याचे खड्डे तुमच्या पाठीला बसणार आहेत, तेव्हा शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आठवडे मोजताना रविवार आणि सण वगळत नाहीत, सलग मोजतात. मात्र पैसे मोजतानाही ते वगळायचे नाहीत. कोइमतूरच्या एका मळ्यातल्या कामगार बाईच्या दाव्यात मालकाचं म्हणणं होतं की पैसे फक्त कामाच्या दिवसांचे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, आणि सातही दिवसांचे पैसे द्यायचे.

समजा, बाळाने घाई केली आणि मंगळवार, 3 नोव्हेंबरलाच आलं, तुम्ही रजेवर जायच्या आधीच. मग त्या दिवसापासून 26 आठवडे सुरू आणि हजर व्हायचं 4 मे ला. तुमचा एकही दिवस बुडत नाही. समजा, ते उशिरा, 22 डिसेंबरला आलं. तरी परतीची तारीख 17 मे च राहते, फक्त बाळंतपणाआधीचे आठवडे थोडे वाढतात आणि नंतरचे तेवढे कमी होतात. बाळंतपणामुळे किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे आजारपण आलं, तर दाखला देऊन आणखी महिनाभराची भरपगारी रजा मागता येते. ती आत्ताच्या अर्जात मागायची नाही, पण तिची सोय आहे हे माहीत असू द्या.

अर्जात दोन वाक्यं कायद्यानेच अपेक्षित आहेत आणि बहुतेक अर्जांत ती नसतात. पहिलं, रजेचे पैसे मला किंवा मी नेमलेल्या व्यक्तीला द्यावेत आणि त्या व्यक्तीचं नाव. लिहायला जड जातं, तरी लिहायचं. दुसरं, या काळात मी कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही. ही केवळ औपचारिकता नाही. रजेवर असताना दुसरीकडे पगारी काम केलं, तर तेवढ्या काळाचा लाभ गमवावा लागतो. घरबसल्या एखाद्या सीएची कामं करून द्यायचा विचार डोक्यात असेल तर तो मे महिन्यावर टाका.

याच्याच पोटात एक दुसरी चूक असते, आणि ती हुशार, कामसू मुली करतात. आमच्या एका जुन्या कार्यालयात एकीने अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘रजेच्या काळात मी फोनवर केव्हाही उपलब्ध राहीन.’ साहेब खूश. सिझेरियनच्या तिसऱ्या दिवशी तिला तीन फोन आले. बँकेतून पुरवठादारांचे पैसे सोडायचे होते आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर येत होता. एका हातात सलाइन, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत तिने तो वाचून दाखवला. दोष कुणाला द्यायचा? तिनेच लिहून दिलं होतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर मालकाने बाईला कामाला लावायचंच नाही, असा कायदा आहे. ती मागेल तरी नाही. त्या वाक्याने तिने कायद्याने दिलेलं संरक्षण स्वतःच मोडून दिलं. तुम्ही ते वाक्य लिहू नका. त्याऐवजी काम असं सोपवा की तुमच्या फोनची गरजच पडू नये.

तुमच्या बाबतीत हे सोपवणं जरा जोखमीचं आहे, कारण तुमची रजा मार्चअखेर पोटात घेऊन जाते. एचआरच्या साहेबांनी ‘काम कोण बघणार’ विचारलं, ते उगाच नाही. अकाउंट्सचं काम महिन्याच्या ठरलेल्या तारखांवर चालतं, म्हणून सोपवायचं वेळापत्रकही त्याच तारखांवर लावा. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-1, वीसला जीएसटीआर-3बी. बदली माणूस ऑगस्टअखेर ठरवून घ्या. सप्टेंबरच्या या तीन तारखांना तुम्ही काम करायचं आणि त्याने शेजारी बसून बघायचं. ऑक्टोबरात खुर्च्या बदलायच्या. माउस त्याच्या हातात, तुम्ही शेजारी. तो चुकेल तेव्हा माउस हिसकावून घेऊ नका, हे सगळ्यात अवघड. नोव्हेंबरच्या सात आणि अकराचं काम त्याने एकट्याने करायचं. तुम्ही कार्यालयात असाल, पण तुमच्याच टेबलाशी. 20 नोव्हेंबरचा जीएसटीआर-3बी हा त्याचा तुमच्याविना पहिला.

लेखी टिपण मात्र 16 नोव्हेंबरला नव्हे, 19 ऑक्टोबरलाच तयार हवं. दिवाळीत बाळ आलं, तर ‘शेवटच्या आठवड्यात लिहिते’ म्हणणाऱ्यांची टिपणं कधीच लिहिली जात नाहीत. टिपण फार मोठं नको, तीन-चार पानांचं. त्यात कामाची यादी करण्यापेक्षा अडणाऱ्या जागा लिहा. तुमचा कोणता पुरवठादार बिल उशिरा टाकतो आणि त्याचं इनपुट क्रेडिट दर वेळी जुळत नाही. कोणते पुरवठादार लघुउद्योगात नोंदलेले आहेत, म्हणजे त्यांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे ठेवायचे नाहीत. मार्चचा टीडीएस सात एप्रिलऐवजी 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो, हे नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही. ऑडिटरला मागच्या वर्षी कोणते कागद दुसऱ्यांदा मागावे लागले होते, तेही लिहा. तुम्ही तेव्हा नव्हता, पण फायलीतल्या मेलमध्ये ते सापडेल.

चाव्यांचा हिशेब वेगळ्या पानावर. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल क्रमांक कुणाचा आहे? लहान कारखान्यांत तो अनेकदा अकाउंट्सच्या माणसाचा स्वतःचा निघतो. बँकेत रक्कम भरणारी तुम्ही आणि मंजूर करणारे मालक असाल, तर तुमच्या जागी भरणारा कोण? डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या कपाटात आहे, त्याची मुदत तुमच्या रजेत तर संपत नाही ना? पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. बदली माणसाला त्याच्या नावाने वेगळा प्रवेश मिळवून द्या आणि तुमचा रजेपुरता बंद करायला सांगा. सहा महिन्यांनी कुठे चुकीची रक्कम गेलेली निघाली, तर ती कुणाच्या नावाने गेली हे स्वच्छ दिसलं पाहिजे.

आता तुम्ही ज्यासाठी मुख्यतः लिहिलंत ते : ‘परत येईन’ लिहिलं तर अडकेन का?

कायद्याला हे वाक्य लागतच नाही. परत येण्याची हमी दिली तरच रजा, अशी अट कुठेही नाही. मग लिहायचं का? लिहायचं, कारण ते तुमच्या फायद्याचं आहे. तुमची जागा भरताना तात्पुरता माणूस घ्यायचा की कायमचा, हे मालक याच वाक्यावर ठरवतो. फक्त शब्द निवडून लिहा. ‘हमी देते’, ‘बांधील राहीन’, ‘न आल्यास रक्कम परत करीन’ असले शब्द नकोत. ‘17 मे 2027 रोजी माझ्या सध्याच्या पदावर रुजू होण्याचा माझा मानस आहे’ एवढंच. मानस म्हणजे आजचा विचार, करार नव्हे. पुढे खरंच जमलं नाही, तर तुमच्या नेमणूकपत्रात जो नोटीस काळ लिहिला आहे त्यानुसार राजीनामा देता येतो, आणि परत आला नाहीत म्हणून रजेचे पैसे परत करा, अशी कायद्यात तरतूद नाही. एवढं मात्र करा. न येण्याचं ठरलं तर ते एप्रिलमध्ये कळवा, 16 मेच्या रात्री मेल टाकू नका. ज्याने तुमचं मार्चअखेर ओढलं, त्याचा तेवढा हक्क आहे.

‘सध्याच्या पदावर’ हे दोन शब्द मी मुद्दाम घातले. रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहेच, पण तुमच्या नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या होतील अशा बदलणंही बेकायदा आहे. अकाउंट्समधून उचलून स्टोअरला, आधीपेक्षा कमी भत्त्यावर, असं काही झालं, तर तुमच्या अर्जातले हे शब्द आणि त्यावर मिळालेली मंजुरी कामी येईल.

परतल्यावरच्या गोष्टींबद्दल अर्जात एकच ओळ पुरे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा असतो. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि तुमच्याकडे ऐंशी आहेत. घरून काम हा हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक कबूल असेल तर ते होतं. टॅली घरून चालते, पण व्हाउचरच्या फायली घरी येत नाहीत, तेव्हा आठवड्यातले दोन दिवस मागितलेत तर मिळण्याची आशा जास्त.

अर्जाचा मसुदा खाली देते. तुमच्या एचआरला इंग्रजीत लागला तर याच क्रमाने करून घ्या. कंपनीचा छापील फॉर्म असेल तर तोही भरा आणि हा सोबत जोडा.

‘विषय : प्रसूती रजेबाबत, 16 नोव्हेंबर 2026 ते 16 मे 2027.

महोदय, मी लेखा विभागात 2 फेब्रुवारी 2026 पासून काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 14 डिसेंबर 2026 आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला सोमवार, 16 नोव्हेंबर 2026 पासून 26 आठवड्यांची प्रसूती रजा मंजूर करावी. प्रसूती त्याआधी झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरावी. तसं तातडीने कळवण्याची व्यवस्था माझे पती करतील.

या काळातील प्रसूती लाभ मला, किंवा माझ्या पश्चात माझे पती (नाव) यांना द्यावा. या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ द्यावी. उरलेल्या रकमेसाठी प्रसूतीचा दाखला रुग्णालयातून मिळताच पाठवीन. रजेच्या काळात माझा पत्ता इस्लामपूर येथील असेल.

माझं काम सोपवण्याचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. बदली कर्मचारी 31 ऑगस्टपर्यंत ठरावा, ही विनंती. कामाचं लेखी टिपण 19 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करून विभागप्रमुखांकडे देईन. बँक, जीएसटी पोर्टल व डिजिटल सहीसंबंधीचे बदल रजेपूर्वी व्हावेत.

सोमवार, 17 मे 2027 रोजी माझ्या सध्याच्या पदावर रुजू होण्याचा माझा मानस आहे. त्यानंतरच्या कामाच्या वेळा व सोयींबद्दल एप्रिलमध्ये बोलता येईल.’

पैशांबद्दल थोडं. आगाऊ रकमेचं वाक्य बघून साहेब चमकतील, पण कायदा तसाच आहे. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम आगाऊ आणि नंतरची रक्कम जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. व्यवहारात बऱ्याच कंपन्या नेहमीच्या तारखेला नेहमीचा पगार देत राहतात. तुम्हाला ते चालत असेल तर तसं लिहा, मी भांडायला सांगणार नाही. कंपनीने बाळंतपणाआधीचे-नंतरचे उपचार मोफत दिले नाहीत, तर 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनसही मिळतो. रक्कम लहान आहे म्हणून कुणी मागत नाही आणि मागितली नाही म्हणून कुणी देत नाही. तुमचा पगार दरमहा 21,000 च्या आत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर मात्र सगळी वाट बदलते. रजेचे पैसे मालकाऐवजी ईएसआयच्या शाखेतून येतात आणि कागदही तिथेच द्यावे लागतात. पगारपत्रक बघून घ्या.

मिस्टरांचं उत्तर लहान आहे आणि आवडणारं नाही. खासगी नोकरीत वडिलांना रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. ती बाळंतपणाआधी पंधरा दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते, पण त्या मुदतीत घेतली नाही तर बुडते. खासगी कंपनीत जे काही असेल ते त्या कंपनीच्या धोरणात असतं, तेव्हा त्यांनी आपल्या एचआरकडून ते धोरण लेखी मागून घ्यावं. किती दिवस, जन्मानंतर किती दिवसांत घ्यायचे, तुकड्यांत घेता येतात का, हे तीन प्रश्न विचारावेत.

त्यांच्या अर्जात तुमच्या अर्जाच्या बरोबर उलटं करायचं. ठाम तारीख लिहायची नाही. ‘14 डिसेंबर ते 18 डिसेंबर’ असं लिहिलं आणि बाळ 5 तारखेला आलं, तर रजा वाया. ‘प्रसूतीच्या दिवसापासून सलग पाच दिवस, अपेक्षित तारीख 14 डिसेंबर’ असं लिहावं. तुकडे चालत असतील तर तीन दिवस रुग्णालयासाठी आणि दोन राखून ठेवावेत. बाळंतीण माहेरी असते तेव्हा पहिल्या आठवड्यात इस्लामपूरच्या घरात माणसांची उणीव नसते. उणीव भासते ती तुम्ही बाळाला घेऊन पुण्यात परत याल त्या आठवड्यात. शक्य असेल तर साठलेल्या रजेतले चार दिवस त्यांनी 17 मेच्या आठवड्यासाठी आत्ताच अडवून ठेवावेत. तुम्ही पहिल्यांदा बाळाला सोडून कामावर जाल तेव्हा घरी ते असतील.

अर्ज मेलने पाठवा आणि एक प्रत हाती देऊन त्यावर तारखेसह पोच घ्या. आणि जीएसटी पोर्टलवर, बँकेत तुमचा मोबाइल क्रमांक असेल, तर तो बदलण्याचं काम नोव्हेंबरवर ढकलू नका, याच आठवड्यात करून टाका.